दोघांचा पोर्टफोलिओ, मर्यादा कुणाची?

मी इक्विटीवाला, बायको एफडीवाली, आणि 10 लाखांचा पोर्टफोलिओ एकच. 'रिस्क झेपेल का?' म्हटलं की दोघंही शूर होतो. म्हणून प्रश्न रुपयांत विचारला: किती तोटा दिसला तर झोप उडेल? मी म्हणालो 4 लाख, ती म्हणाली 2. आम्ही 2 धरले, कारण घाबरून विकायला एकच जण पुरतो.

2020 मध्ये जानेवारी ते मार्च निफ्टी सुमारे 38 टक्के पडला होता. आम्ही 40 धरले. म्हणजे 2 लाखांच्या तोट्याला इक्विटी 5 लाख, बाकी एफडी.

आढावा फक्त एप्रिलमध्ये. इक्विटी 55 टक्क्यांवर गेली, तर नवी बचत एफडीत. 45 च्या खाली आली, तर इक्विटीत. विकावं लागत नाही, टॅक्सही वाचतो. आणि हो, बाजार पडलेला असताना नियम बदलायचा नाही!