प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत
(माध्यमिक शाळांतील शिक्षकांसमोर झालेले भाषण)



इयत्ता नववीच्या विज्ञानाची वीस गुणांची घटक चाचणी विचारात घ्यावी. एका विद्युत परिपथाच्या आकृतीत घटाजवळ '१.५ व्होल्ट' आणि रोधाजवळ '५ ओहम' असे लिहिले आहे. धारा काढावयाची आहे. उत्तर ०.३ अँपिअर. परंतु छायाप्रतीत दशांशचिन्ह उडाले, तर घट १५ व्होल्टचा होतो आणि धारा ३ अँपिअर येते. विद्यार्थ्याचे गणित बिनचूक, उत्तर मात्र चुकीचे. आणि चूक कोठे झाली हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. मराठीत अनुस्वाराचीही तीच गत आहे. यंत्राच्या काचेवरील धुळीचा कण नको तेथे अनुस्वार देतो, तर फिकट छपाई हवा असलेला पुसून टाकते.

म्हणून मजकूर १४ पॉइंटांत असावा, आकृतीतील अंक १२ पॉइंटांपेक्षा लहान व रेषेला चिकटलेले नसावेत. आकृतीच्या रेषा एक पॉइंट जाडीच्या ठेवाव्यात. केसासारख्या रेषा प्रतीत तुटतात. करडी छटा तर टाळावीच. यंत्र 'मजकूर' या पद्धतीवर असले की ते करड्याला एक तर पांढरे करते किंवा ठिपक्यांचा काळसर डाग करून टाकते. भाग वेगळा दाखवावयाचा असेल, तर तिरप्या रेषांनी भरावा. पाठ्यपुस्तकातील आकृतीचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन चिकटविण्याची सवय याच कारणाने नडते, कारण कागदाचा रंगही करड्या पार्श्वभूमीच्या रूपाने सोबत येतो. काळ्या शाईने स्वच्छ काढून कृष्णधवल स्कॅन केलेली आकृती तिच्याहून कितीतरी बरी.

आता मांडणी. गुण उजवीकडे नेण्यासाठी स्पेसची कळ दाबत राहणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय होय. एक शब्द बदलला की सारी ओळ सरकते. त्याऐवजी संपूर्ण पत्रिका एका तक्त्यात बसवावी. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. डावीकडे २० व उजवीकडे १५ सोडल्यास १७५ उरतात. त्यांतील १२ प्रश्नक्रमांकाला, १४८ प्रश्न व उत्तराला आणि १५ गुणांना द्यावेत. यंत्राला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही आणि कागद किंचित तिरका ओढला जातो, म्हणून गुणांचा रकाना कडेला भिडवू नये. तक्त्याच्या बाकीच्या रेषा अदृश्य ठेवाव्यात. गुणांच्या रकान्याची उभी रेषा तेवढी दिसावी.

उत्तराच्या ओळी टिंबे टाइप करून काढू नयेत. प्रत्येक ओळ म्हणजे तक्त्याची एक ओळ, तिला फक्त खालची रेषा आणि `Exactly` लावून ८ मिलिमीटर उंची. प्रश्नाच्या ओळीला मात्र `At least` लावावे, अन्यथा वरचा रफार आणि खालचा उकार कापला जाण्याचा धोका राहतो. आकृती स्वतंत्र ओळीत `In Line with Text` ठेवावी, म्हणजे ती भटकत नाही.

जागेचा हिशेब आधीच करावा. वर-खाली १५ मिलिमीटर सोडल्यास पानावर २६७ उरतात. शीर्षकाला ४०, पाच रिकाम्या जागांच्या विभाग 'अ'ला ५४, विभाग 'ब'चे शीर्षक आणि परिपथाचा दोन गुणांचा प्रश्न आकृती व चार ओळींसह ११७. बेरीज २११, शिल्लक ५६. पुढचा तीन गुणांचा प्रश्न मजकुरासाठी १६ आणि सहा ओळींसाठी ४८, म्हणजे ६४ मागतो. येथे ओळी दाटून सहा मिलिमीटरवर आणण्याचा मोह होतो. परंतु मोठ्या अक्षराच्या मुलाला त्यात लिहिताच येत नाही. त्यापेक्षा ४८ मिलिमीटरचा दोन गुणांचा प्रश्न वर घ्यावा. उरलेले ११ गुण, म्हणजे तीन गुणांचे दोन प्रश्न आणि विभाग 'क'मधील पाच गुणांचा एक, दुसऱ्या बाजूस २३३ मिलिमीटरांत मावतात. प्रश्नाचा मजकूर एका पानावर व त्याच्या ओळी दुसऱ्यावर असे होऊ नये, म्हणून प्रश्नाच्या ओळींना `Keep with next` लावावे. कागद पातळ असेल, तर मागचे काळे ठसे पुढे दिसतात. सबब शीर्षकाला काळी पट्टी नको.

मूळ प्रत छापताना प्रमाण १०० टक्के असावे. 'पानात बसवा' ही सोय पान लहान करते. ९७ टक्के झाले की दहा सेंटिमीटरची रेषा ९.७ सेंटिमीटर भरते आणि 'रेषेची लांबी मोजा' हा प्रश्न बाद होतो. छापल्यावर रेषेवर पट्टी लावून पाहावी. मग काच पुसून एक प्रत काढावी आणि त्या प्रतीची पुन्हा प्रत. या दुसऱ्या प्रतीत '१.५'मधील टिंब स्पष्ट दिसले, तरच वर्गासाठी प्रती काढावयास घ्याव्यात; आणि त्या सर्व मूळ छापील पानावरूनच काढाव्यात.