रिकामा रकाना

तायांनो, आपल्या प्रभागसंघाचं प्रवासखर्चाचं धोरण सहा पानांचं आहे. त्यावरून आम्ही एक तक्ता केला. प्रत्येक पदाला एक ओळ आणि रकाने चार: प्रवास कशाने, जेवणभत्ता, पुरावा, मंजुरी.

सीआरपीची ओळ बघा: एसटी, १०० रुपये, तिकीट, व्यवस्थापक. म्हणजे ताईनं ६० रुपयांची तिकिटं जोडली की १६० रुपये मिळणार.

व्यवस्थापकांच्या ओळीत मात्र मंजुरीचा रकाना रिकामाच राहिला. धोरणात नुसतं ‘वरिष्ठांची मंजुरी’ असं लिहिलंय; त्यांचे वरिष्ठ कोण, ते कुठंच नाही. म्हणून आजवर ते स्वतःच्याच बिलावर सही करत होते.

हा रकाना अंदाजानं भरायचा नाही. आधी कार्यकारिणीत ठराव करू, मग तिथं ‘अध्यक्ष’ लिहू आणि तक्ता भिंतीवर लावू.