राजीनाम्याचा कागद

नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे शाळेत शिकवतात. नोकरी सोडताना काय लिहावं हे मात्र कुणी शिकवत नाही. मग माणूस कुणाचा तरी जुना कागद मागून आणतो, त्यावरचं नाव बदलतो आणि देऊन टाकतो. तसाच एक कागद आज आपण पुढे घेऊ आणि तो नीट लिहून काढू.

समजा, तालुक्याच्या गावी एका नागरी सहकारी बँकेत एक लिपिक सहा वर्षं काम करतो आहे. बचत खात्याची खिडकी त्याच्याकडे आहे आणि तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्या हाती असते. वडिलांना काचबिंदूमुळे दिसेनासं झालं, घरची चार एकर डाळिंबाची बाग बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून तो नोकरी सोडतो आहे. त्याने लिहिलेला अर्ज असा:

‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. सेवाकाळात आपण केलेल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे. तरी मेहेरबानांनी राजीनामा मंजूर करून मला लवकरात लवकर कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक.’

यात चुकीचं काही नाही. पण या कागदाखाली पोस्टातल्या कारकुनाने सही केली, साखर कारखान्यातल्या टायमकीपरने केली, तरी चालेल. तेव्हा आपली कसोटी साधी ठेवू: जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही सहीखाली तसंच बसेल, ते आपलं वाक्य नव्हे. ‘शतशः’ काढून ‘सहस्रशः’ घातलं म्हणून ते आपलं होत नाही. त्याला आपल्या कामातला एखादा तपशील लागतो.

पहिला तपशील तारखेचा. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी? नेमणुकीच्या पत्रात किती दिवसांची पूर्वसूचना द्यायची ते लिहिलेलं असतं. ते पत्र पेटीतून काढून आधी वाचावं. आपल्या लिपिकाच्या पत्रात एक महिना आहे. आज १ जुलै, म्हणजे शेवटचा दिवस ३१ जुलै. तारीख स्पष्ट नसली की पगाराचा हिशेब अडतो, आणि खिडकीवर दुसरा माणूस कधी बसवायचा हे शाखाधिकाऱ्यांना कळत नाही.

दुसरं, कारण. घरातलं सगळं सांगण्याची सक्ती नाही. सांगायचं नसेल तर ‘कारण घरगुती आहे’ एवढं सरळ लिहावं. ‘अपरिहार्य’ची झालर नको. सांगायचं असेल तर एका वाक्यात सांगावं. लहान गावात कारण कळायला वेळ लागत नाही. कागदावर ते नसलं की लोक आपापलं कारण जोडतात. आणि रोकड सांभाळणाऱ्या माणसाबद्दल जोडलेलं कारण कधीच चांगलं नसतं.

तिसरं, आभार. मी म्हणेन, सगळ्यांचे आभार मानू नका. एका माणसाचे माना, आणि कशाबद्दल ते सांगा. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी रोकड जुळेना, १८० रुपयांचा फरक येत होता. ज्येष्ठ रोखपाल म्हणाले, ‘अरे, फरकाला नऊने भाग जातोय का बघ. गेला तर कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल.’ भाग गेला. व्हाउचरं पुन्हा लावली, तेव्हा ५,४२० ची रक्कम ५,२४० पडलेली सापडली. असं एक वाक्य अर्जात आलं की ते ‘बहुमोल मार्गदर्शन’ कोणतं होतं ते दिसतं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नमुन्याच्या अर्जात ती नसतेच: मागे काय राहतं आहे? आपल्या लिपिकाच्या खणात चौदा खातेदारांचे नामनिर्देशनाचे अर्ज आहेत. आपल्या पश्चात पैसे कुणाच्या हाती द्यावेत हे त्यांत लिहिलेलं आहे, पण संगणकावर त्याची नोंद अजून झालेली नाही. तो गेला आणि अर्ज खणातच राहिले तर काय होईल? उद्या त्यातला एखादा खातेदार वारला, तर त्याच्या बायकोला नवऱ्याने सही करून दिलेला कागद असूनही वारसाची कागदपत्रं गोळा करत हेलपाटे घालावे लागतील. राजीनाम्यातली एक ओळ हे वाचवते.

आता पुन्हा लिहिलेला अर्ज ऐका.

‘शाखाधिकारी यांस, नमस्कार. मी लिपिकपदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्राप्रमाणे आजपासून एक महिन्याची पूर्वसूचना धरून ३१ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. वडिलांची दृष्टी गेल्यामुळे घरची शेती आता मला पाहावी लागेल.

माझ्याकडील चौदा नामनिर्देशन अर्जांची नोंद व्हायची आहे. ती मी १५ जुलैपर्यंत पूर्ण करीन. यादी सोबत जोडली आहे. तिजोरीची किल्ली आपण सांगाल त्यांच्याकडे नोंदवहीत सही घेऊन सोपवीन. माझ्या नावावरील कर्मचारी कर्जाची बाकी कळवावी, म्हणजे जाण्यापूर्वी तिची व्यवस्था करता येईल. शेवटच्या दिवशी संगणकावरील माझे प्रवेशनाम बंद करावे.

रोकड न जुळल्यास फरकाला नऊने भागून पाहावे, हे मला आपल्या ज्येष्ठ रोखपालांनी पहिल्या वर्षी शिकवले. ते सहा वर्षे उपयोगी पडले. त्यांचा मी आभारी आहे. आपला,’ आणि खाली सही.

यात ‘सविनय’ नाही, ‘नम्र’ नाही. तरी उद्धटपणा कुठं दिसतो का? माणूस आपलं काम नीट हवाली करतो आहे, यातच आदर आला.

आता काय लिहू नये तेही सांगतो. मनापासून लिहायचं म्हणजे मनातलं सगळं ओतायचं असं नाही. बढती हुकली, साहेब बोलले, असं काही असेल तर त्याची तक्रार वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी करावी. राजीनामा नोकरीच्या दप्तरात कायमचा राहतो. ‘अमुक मिळालं नाही तर मी जातो’ असंही लिहू नये. तो राजीनामा नव्हे, ती घासाघीस झाली. खातेदाराचं नाव किंवा खात्यातली रक्कम अर्जात कुठंही येऊ देऊ नये. नामनिर्देशनाच्या यादीतही फक्त अर्जांचे क्रमांक घालावेत. आणि काम सोपवताना आपला पासवर्ड पुढच्या माणसाला सांगून जाऊ नये. तसं केलं तर आपण बागेत असताना बँकेत आपल्या नावावर व्यवहार होत राहतील.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. जाताना कार्यमुक्तीचं पत्र मागून घ्यावं. प्रॉव्हिडंट फंडाची आणि ग्रॅच्युइटीची मागणी त्यांच्या ठरलेल्या अर्जावर स्वतंत्रपणे करावी, म्हणजे एका कागदापायी दुसरा अडत नाही.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. वर्गात फळ्यावर तो पहिला अर्ज लिहा आणि मुलांना विचारा, हा माणूस कुठं काम करत होता? मुलांना सांगता येणार नाही. मग दुसरा वाचून दाखवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. कोणती ओळ ऐकून कळलं, ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. पत्रलेखनाचा तो तास पुरेसा होईल.