बातमी खालून कापली जाते

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गटाने खणाच्या कापडाचे आकाशकंदील, तोरणं आणि बटवे शिवले. विक्री रविवारी सुरू होणार होती. पेपरात बातमी यावी म्हणून आम्ही दोन पानी प्रसिद्धीपत्रक लिहिलं आणि तालुक्याच्या वार्ताहराकडे दिलं. बातमी आली, पण सहा ओळींची. त्यात पाहुण्यांची नावं होती, महिला सक्षमीकरण होतं. विक्री कुठे आणि कधी, हे मात्र नव्हतं. दिवाळी सरली तरी आमच्याकडे साठ कंदील पडून होते आणि कापडासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता दारात उभा होता.

चूक कुणाची? आमचीच. पेपरात जागा कमी पडली की बातमी बहुतेक वेळा खालून कापतात. तारीख आणि ठिकाण आम्ही सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. तेच आधी गेलं.

म्हणून यंदा आम्ही पत्रक उलटं केलं. वाचणाऱ्या बाईला आधी काय हवं? वस्तू काय, नवीन काय, कुठे, कधी आणि केवढ्याला. एवढं पहिल्या चार ओळींत बसवलं. पाहुणे शेवटी. आमचं पत्रक असं होतं, ऐका:

“घडी करून ठेवता येणारे खणाचे आकाशकंदील, रविवारपासून विक्री. दिवाळीनंतर घडी करून पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतील, असे खणाच्या कापडाचे आकाशकंदील आमच्या गावातील बारा महिलांनी तयार केले आहेत. त्यांची विक्री रविवार, १२ ऑक्टोबरपासून गुरुवार, १६ ऑक्टोबरपर्यंत, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात होईल. कंदील २८० रुपये, तोरण २२० रुपये आणि बटवा ९० रुपये आहे.”

गावाचं आणि गटाचं पूर्ण नाव अर्थातच घातलं होतं. यापुढे कंदील कसा बनतो ते दोन ओळींत, गटातल्या एकीचं एक वाक्य, मग उद्घाटनाला कोण येणार ते, आणि सगळ्यात खाली वार्ताहराने विचारायला फोन करावा म्हणून दोघींची नावं व नंबर. सगळं मिळून एक पान.

दोन शब्दांवर आमच्यात वाद झाला. एकीने लिहिलं होतं, “येत्या रविवारी”. पण बातमी सोमवारी छापून आली, तर वाचणारी पुढचा रविवार धरेल. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, आणि ते जुळतात का हे कॅलेंडरवर पाहायचं. दुसरा शब्द होता “हातमागाचा”. खण आम्ही बाजारातून मीटरवर आणला होता. तो हातमागाचा की यंत्रमागाचा, हे दुकानदारालाही सांगता येईना. मग तो शब्द काढला आणि “हाताने शिवलेले” लिहावं म्हटलं, तर शिवण मशीनवरची! शेवटी “गटातील महिलांनी शिवलेले” असं लिहिलं. विकत घेणारी विचारणारच. तेव्हा खाली मान घालायची वेळ नको. “सुंदर”, “दर्जेदार” हे शब्दही गाळले. ते जाहिरातीतले. वार्ताहर तेच आधी खोडतो.

पत्रक आम्ही पाच दिवस आधी, सकाळीच दिलं. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला नाही. मोबाइलवर मराठीत टाइप करून पाठवलं, म्हणजे वार्ताहराला पुन्हा टाइप करावं लागत नाही आणि आकडे चुकत नाहीत. फोटो एकच. रांगेत उभ्या बारा जणींचा नाही, तर पेटलेला कंदील हातात धरलेल्या दोघींचा. छोट्या छपाईतही चेहरा आणि कंदील दिसायला हवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, कारण साधा पाठवला की तो बारीक होतो आणि छपाईत धूसर येतो. खाली डावीकडून नावं लिहिली. त्या दोघींना आधी विचारलं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बातमी छापायची की नाही, हे पेपरवाले ठरवतात. हमखास जागा हवी असेल तर ती जाहिरात. तिचे पैसे पडतात. आम्ही तीन पेपरांना पत्रक दिलं, दोघांनी छापलं. एकाने तर सातच ओळी घेतल्या. पण त्या सात ओळींत कंदील, तारीख, वेळ, सभागृह आणि भाव, सगळं होतं. रविवारी दहाच्या आधीच शेजारच्या गावातल्या चार बायका दारात उभ्या होत्या. एकीच्या हातात पेपराचं कात्रण होतं.

तुमचं पत्रक लिहून झालं की खालचा अर्धा कागद दुमडा. वरच्या अर्ध्यावरून अनोळखी बाई तुमच्या दारापर्यंत पोचेल का, ते बघा. पोचत नसेल तर पुन्हा लिहा.