पासबुकातल्या छोट्या वजावटी

पासबुकात दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे गेलेले दिसतात का? एसएमएसचे १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा तो हिशेब असू शकतो. डेबिट कार्डाचे वार्षिक २०० रुपये असतील, तर करासह २३६ जातात.

कार्ड वापरत नसाल, तर ते नुसतं ब्लॉक करून थांबू नका. कार्ड कायमचं बंद करण्याचा लेखी अर्ज शाखेत द्या, पोच घ्या. एसएमएस मात्र विचार करूनच थांबवा, फसवणूक त्यामुळेच लगेच कळते.

व्यवहार मोजकेच असतील, तर बचत खातं ‘मूलभूत बचत खात्यात’ बदलून मागा. त्यात कार्डाला वार्षिक शुल्क नसतं.

अर्जानंतरही पैसे कापले, तर बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य दाद मागता येते.