पृथ्वीच्या पट्टांच्या तीन सीमा



पडद्यावरील पहिल्या चित्रात पृथ्वीचे बाह्य कवच तडकलेल्या अंड्यासारखे दिसते. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी साधारण शंभर किलोमीटर असते. त्यांच्याखाली पातळ रस आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तेथेही घन खडकच आहे. परंतु अतिशय तापल्यामुळे तो लक्षावधी वर्षांत हळूहळू वाहतो.

आता घरी एक प्रयोग करून पाहा. गादी म्हणजे तो खालचा मऊ थर समजा. तीवर दोन घडीच्या गोधड्या शेजारी शेजारी ठेवा.

प्रथम त्या एकमेकींपासून दूर ओढा. मधल्या फटीतून गादी दिसेल. पृथ्वीवर अशा फटीतून शिलारस वर येऊन नवा खडक तयार होतो. ही अपसारी सीमा. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी ती आहे आणि आइसलँडमध्ये ती जमिनीवर पाहता येते.

नंतर गोधड्या कडेला कड घासत सरकवा. येथे नवे काही निर्माण होत नाही, जुने नष्टही होत नाही. कॅलिफोर्नियातील सान अँड्रियास प्रस्तरभंग अशा सीमेवर आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला हादरवणारा भूकंप तेथलाच.

शेवटी गोधड्या एकमेकींवर ढकला. दोन्ही जाड असल्याने कोणतीही सहज खाली जात नाही. त्यांना वळ्या पडतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्टाचा भूखंड आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहू लागला. एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवांचे अवशेष असलेला चुनखडक सापडतो, तो यामुळेच. मात्र एका गोधडीऐवजी पातळ चादर घेतली, तर तिची कड गोधडीखाली सरकते. महासागरी पट्ट पातळ, पण वजनाने भारी असल्याने असाच खाली बुडतो. सुमात्राजवळ अशाच सीमेवर २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप होऊन त्सुनामी उसळली.

येथे आपला नमुना अपुरा पडतो. गोधडी सहज सरकते. खडक मात्र अडकून राहतो. पट्ट वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात, पण अडकलेल्या जागी तो ताण शतकानुशतके साठतो आणि एके क्षणी खडक तुटतो. तोच भूकंप.

मग कोणी विचारील, आपला महाराष्ट्र तर सीमेपासून खूप दूर. तरीही ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी का हादरली? गोधडीची एक कड दाबून धरा आणि दुसरीकडून ढकला. घडी कडेलाच नव्हे, मध्येही जेथे झिजली असेल तेथे वाकते. हिमालयाशी अडलेल्या भारतीय पट्टावरील ताण असाच आतल्या जुन्या, दुबळ्या भेगांपर्यंत पोहोचतो. तेथे भूकंप क्वचित होतात, पण होतात. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. म्हणून सीमेपासून दूर राहणाऱ्यांनीही घर बांधताना भिंती एकमेकींना पक्क्या बांधलेल्या आहेत ना, हे पाहिले पाहिजे.