नाव झाकले तरी माणूस झाकला जातो काय?



नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी येतात. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे अशी मुले आता ह्याच भागात शिकतात, आणि त्यांत आपलीही आहेत. धम्मदीक्षा घेतल्यावर गाव कसे वागले, मजुरी मिळाली की तुटली, हे ती विचारतात. तुमचे बोलणे मोबाईलवर मुद्रित करतात आणि जाताना वचन देतात, "तुमचे नाव कोठेही येणार नाही." वचन खरेपणाने दिलेले असते व ते पाळलेही जाते. तरीसुद्धा बोलणारी बाई गावात ओळखली जाते. हे कसे घडते, हे मला आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेले आहे. खरे घेतले तर ज्या चुकीविषयी बोलावयाचे तीच चूक माझ्या हातून येथे होईल. एका नवबौद्ध बाईने विद्यार्थ्याला असे सांगितले असे समजा :

"आमच्या गावात मातंगाची बावीस घरं, बुद्धाच्या धम्मात गेलेलं आमचं एकलंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी थोरल्या दिरानं पोतराजाचे केस उतरवले. मालक पाटलाकडं सालगडी होते, त्यांना दुसऱ्याच दिवशी काढलं. दुकानदार उधारी देईना. थोरली लेक लातूरला नर्सिंग शिकती, तिची फी भरायला म्हैस विकली."

विद्यार्थी बाईला 'सुमन' म्हणतो, गावाला 'क' म्हणतो आणि हे बोल जसेच्या तसे छापतो. मुंबईच्या वाचकाला ह्यातून काहीच कळत नाही. परंतु त्या बाईला मुंबईच्या वाचकाचे भय नव्हतेच. भय आहे पाटलाचे, दुकानदाराचे आणि भावकीचे; आणि त्यांना 'सुमन' कोण हे पहिल्याच वाक्यात कळते. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतो ही समजूतही आता सोडावी. तो 'शोधगंगा' ह्या संकेतस्थळावर ठेवला जातो, आणि पाटलाचा मुलगाही तो घरी बसून मोबाईलवर वाचू शकतो.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत १९५८ साली विडिच आणि बेन्समन ह्यांनी एका लहान गावावर पुस्तक लिहिले. गावाला व माणसांना खोटी नावे दिली होती. गावकऱ्यांनी एकमेकांना तत्काळ ओळखले. पुढे ४ जुलैच्या मिरवणुकीत ते पुस्तकातील खोटी नावे लावून, मुखवटे घालून गाडीवर बसले, आणि मागून शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा निघाला. त्या लोकांना थट्टा तरी करता आली. आमच्या सालगड्याला ती चैन परवडणारी नाही.

आता त्या बाईच्या बोलण्याकडे परत येऊ. ते छापण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्येक खुणेपाशी थांबून दोन प्रश्न विचारावेत : ही गोष्ट गावात कोणाकोणाला ठाऊक आहे? आणि ती किती घरांना लागू पडते? 'बावीसांत एकलंच' ही खूण एकाच घराला लागू पडते; ती सर्वप्रथम जावी. तेथे 'गावात धम्मात गेलेली घरे मोजकीच' एवढे पुरे. पोतराजाचे केस भर गावात उतरले, सर्वांनी पाहिले. ते ह्या उताऱ्यातून काढावे. असे अनेक घरांनी खरोखर केले असेल तर दुसऱ्या प्रकरणात, कोणाच्याही बोलाला न जोडता, त्याचा उल्लेख करावा. लातूर, नर्सिंग आणि म्हैस ह्या तिन्ही मिळून घराचा पत्ता होतो. त्यांच्या जागी 'मुलीच्या शिक्षणासाठी जनावर विकले' असे लिहावे. सालगड्याचे काम गेले आणि उधारी बंद झाली, हे मात्र राहिलेच पाहिजे, कारण सारे संशोधन त्यासाठीच आहे. केवळ काम कोणत्या सणाला आणि किती दिवसांनी गेले हे गाळावे.

येथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ते 'मातंग' शब्दच काढतात आणि 'मराठवाड्यातील एक ग्रामस्थ महिला' असे लिहितात. असे केल्याने बाई सुरक्षित होते खरी, पण तिच्यावरील अन्याय जातीमुळे व धर्मांतरामुळे झाला हेच पुसले जाते. मला हे मान्य नाही. कोणी मातंगाच्या जागी दुसरी जात घालतात. ते तर असत्यच. खूण पुसट करावी, तिच्या जागी खोटी खूण घालू नये. आणि तेवढे करूनही बाई ओळखू येत असेल, तर तिचे बोल अवतरणात देऊ नयेत. आशय विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगावा.

एवढी काळजी घेऊनही चोरवाट राहते. दुसऱ्या प्रकरणात 'सुमन' जावेशी झालेल्या भांडणाविषयी बोलते, पाचव्यात मुलाच्या लग्नाविषयी. प्रत्येक बोल एकटा असता तर निरुपद्रवी. एकाच नावाखाली आले की वाचणारा ते जोडतो. म्हणून नाजूक बोल नावाविना द्यावेत व तसे केल्याचे प्रबंधात एकदा नमूद करावे. सर्वांत मोठा घात मात्र शेवटच्या पानांवर होतो. परिशिष्टात तक्ता असतो : वय, जात, शिक्षण, गाव, मुलाखतीची तारीख. आभाराच्या पानावर 'क' गावच्या सरपंचाचे नाव असते. जे आत झाकले ते येथे उघडे पडते. ही दोन पाने विद्यार्थ्याकडे आवर्जून मागून पाहा.

भगिनींनो, आता तुमच्या बाजूचे. संमती एकदाच देऊन भागत नाही. बोलताना पुढे कोणते वाक्य छापले जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून विद्यार्थ्याला सांगावे की छापावयाचे उतारे तयार झाल्यावर ये आणि वाचून दाखव. आणि ते मला एकटीला, घरच्यांसमोर नव्हे. नवरा आणि जाऊ तुमचे बोल ओळखणारच. गावापासून झाकता येते, घरापासून क्वचितच. तेव्हा घरच्यांविषयीचे वाक्य राहावे की जावे, हे तुम्हीच ठरवा. "कोणालाही कळणार नाही" असे म्हणणाऱ्यापेक्षा "कोणाला कळू शकेल ते सांगतो" असे म्हणणारा अधिक विश्वासू समजावा. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण आहे ते संशोधकाशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने त्याच्या वह्या मागविल्या तर त्याला त्या द्याव्या लागू शकतात. म्हणून खऱ्या नावांची यादी व मुद्रित आवाज तो कोठे ठेवणार आणि केव्हा नष्ट करणार, हेही विचारावे.

कोणी म्हणेल, आम्ही का लपावे? हा प्रश्न रास्त आहे. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. त्यांचे नाव झाकणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरला असता. ज्याला आपले नाव छापून हवे असेल त्याला तो अधिकार आहे, आणि विद्यार्थ्याने नियमाचे कारण सांगून तो नाकारू नये. फक्त बोलणाऱ्याने एवढे पाहावे की आपले नाव छापले की आपल्या बोलण्यात आलेला भाऊ, शेजारीण, साक्ष देणारा मजूर, हेही सारे उघडे होतात. त्यांना आधी विचारले आहे काय?